वायफायवर चालणारं एकच अ‍ॅप मोबाइल डेटावर बंद पडतं, नेमकं कुठलं बटण अडवतंय?

पायवाट

वडिलांचा रेडमीचा दोन सिमचा फोन आहे. त्यावर बँकेचं अ‍ॅप घरच्या वायफायवर नीट उघडतं. घराबाहेर पडून मोबाइल डेटावर आलं की लगेच "इंटरनेट जोडणी तपासा" असा निरोप येतो. त्याच वेळी, त्याच डेटावर व्हॉट्सअ‍ॅप चालतं, यूट्यूब चालतं, ब्राउझरमध्ये बँकेची वेबसाइटसुद्धा उघडते. दोन आठवड्यांपूर्वीपर्यंत हेच अ‍ॅप डेटावर चालत होतं. मध्ये एकच बदल झाला. गावी रेंज बरी मिळते म्हणून डेटा पहिल्या सिमवरून दुसऱ्या सिमवर घेतला. डेटा सेव्हर बंद आहे, ते पाहून झालं. आता आणखी कुठे बघायचं?

गवतफुला

आधी अ‍ॅपची कॅश साफ करा. नाही झालं तर अ‍ॅप काढून पुन्हा टाका. तरीही नाही झालं तर सेटिंग्जमधून नेटवर्क रीसेट. दहातली आठ प्रकरणं एवढ्यात सुटतात. आणि डेटा सेव्हर एकदा चालू करून परत बंद करा, कधीकधी तो वर बंद दिसतो पण आत चालूच असतो.

तारायंत्र

पायवाट, अ‍ॅप अजून काढू नका. बँकेचं अ‍ॅप काढलं की पुन्हा सिमची पडताळणी, पुन्हा कार्डाचा तपशील, पुन्हा पिन, हे सगळं वडिलांना करावं लागेल आणि कारण कदाचित तसंच राहील. नेटवर्क रीसेटने घरातल्या सगळ्या वायफायचे पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोड्या पुसल्या जातात. तो शेवटचा उपाय, पहिला नव्हे.

तुमच्या वर्णनातच अर्धं उत्तर आहे. अ‍ॅप समोर उघडलेलं असताना ते "इंटरनेट नाही" म्हणतंय. म्हणजे डेटा सेव्हरचा यात हात नाही. डेटा सेव्हर अँड्रॉइड ७ पासून, म्हणजे २०१६ पासून आहे आणि त्याचं काम ठरलेलं आहे: अ‍ॅप पडद्यावर नसताना त्याला मोबाइल डेटा वापरू द्यायचा नाही. अ‍ॅप उघडून तुम्ही समोर बसलात की तो बाजूला होतो. फार तर समोरचं अ‍ॅप स्वतःहून चित्रं हलकी करेल किंवा व्हिडिओ आपोआप सुरू करणार नाही. जोडणीच नाही असं होत नाही.

समोर उघडलेल्या अ‍ॅपचाही डेटा तोडणारं कुलूप वेगळं असतं. ते मूळ अँड्रॉइडमध्ये नाही, फोनच्या कंपनीने वरून बसवलेलं असतं. रेडमी आणि पोकोमध्ये ते असं सापडेल:

अ‍ॅपच्या चिन्हावर बोट दाबून धरा, App info उघडा, थोडं खाली जा. तिथे "Restrict data usage" अशी ओळ आहे. तिच्यावर टिचकी मारली की छोटी चौकट उघडते. दोन सिमच्या फोनमध्ये त्यात तीन पर्याय असतात: वायफाय, पहिल्या सिमचा मोबाइल डेटा, दुसऱ्या सिमचा मोबाइल डेटा. प्रत्येकापुढे खुणेचा चौकोन.

इथे एक गफलत फार जणांची होते. ओळीचं नाव "Restrict", म्हणजे अटकाव. त्यामुळे खूण केली म्हणजे बंद केलं असं वाटतं. प्रत्यक्षात उलट आहे: खूण असेल तर परवानगी, खूण नसेल तर बंद. माझा अंदाज असा की पहिल्या सिमपुढे खूण आहे आणि दुसऱ्यापुढे नाही. डेटा पहिल्या सिमवर असेपर्यंत कुणाला कळायचं कारण नव्हतं.

फोन मराठीत असेल तर भाषा थोडा वेळ इंग्रजी करा, म्हणजे ही नावं जशीच्या तशी जुळतील.

सुगरण_७

माझंही हेच होतं. वायफाय बंद केलं की काहीच चालत नाही. APN बदलून पाहिला, सिम काढून घातलं, तरी तेच. आयफोन आहे.

अडकित्ता

सुगरण_७, काहीच चालत नाही की एकच अ‍ॅप चालत नाही? दोन्ही वेगळी दुखणी आहेत. सगळंच बंद असेल तर एकेका अ‍ॅपची परवानगी शोधण्यात अर्थ नाही, तिथे APN, रिचार्ज, रोमिंग वगैरे बघायचं. अँड्रॉइडवर कुणी डेटाची मर्यादा लावून ठेवली असेल आणि ती संपली असेल तर तेव्हाही सगळंच एकदम थांबतं, एखादं अ‍ॅप नव्हे. त्यामुळे ब्राउझरमध्ये एखादी साइट उघडते का, ते आधी सांगा.

सुगरण_७

ब्राउझर चालतो. व्हॉट्सअ‍ॅपही चालतं. नकाशाचं अ‍ॅप चालत नाही आणि मला बाहेर तेच लागतं, म्हणून काहीच चालत नाही असं लिहिलं.

अडकित्ता

मग सोपं आहे. आयफोनमध्ये सेटिंग्जमधलं मोबाइल डेटाचं पान उघडा आणि खाली सरकत जा. अ‍ॅपची यादी लागेल, प्रत्येकाच्या नावाखाली त्याने किती डेटा वापरला तो आकडा आणि उजवीकडे बटण. नकाशाच्या अ‍ॅपचं बटण हिरवं नसेल तर तेच कारण. आयफोनवर हे बटण बंद असेल तर अ‍ॅप समोर उघडं असतानाही डेटा मिळत नाही. बऱ्याचदा उघडताना "या अ‍ॅपसाठी मोबाइल डेटा बंद आहे" अशा अर्थाची सूचनाही येते, पण घाईत आपण ओके दाबून पुढे जातो.

त्याच पानावरच्या मोबाइल डेटाच्या पर्यायांत Low Data Mode आहे. ते आयओएस १३ पासून आलं. ते मुख्यतः पाठीमागची कामं आवरतं, आपोआप होणारी अद्यतनं, फोटोंची जुळणी वगैरे. नकाशा समोर उघडून तो कोरा दिसत असेल तर संशय आधी बटणावर घ्या, Low Data Mode वर नंतर.

पायवाट

तारायंत्र, अगदी तेच निघालं. वायफायपुढे खूण, सिम १ पुढे खूण, सिम २ चा चौकोन रिकामा. खूण करून ओके दाबलं. पण अ‍ॅपवर परत गेल्यावर पुन्हा तोच निरोप. मग App info मध्ये जाऊन Force stop केलं आणि अ‍ॅप नव्याने उघडलं, तेव्हा लगेच लॉगिन झालं. आता वायफाय बंद ठेवून तीनदा पाहिलं, चालतंय.

एक कळत नाही. ही खूण कुणी काढली? वडील म्हणतात त्यांनी कधीच काही केलं नाही.

तारायंत्र

Force stop ची गरज पडली ते स्वाभाविक आहे. बरीच अ‍ॅप "जोडणी नाही" हे एकदा ठरवलं की पुन्हा प्रयत्न करायला वेळ लावतात. बटण बदललं की अ‍ॅप पूर्ण बंद करून उघडावं, नाहीतर बरोबर उपाय करूनही तो चुकला असं वाटतं.

खूण कुणी काढली ते खात्रीने सांगता येणार नाही. नेहमी दिसणारं कारण असं: दुसरं सिम घेतलं तेव्हा त्यावर थोडाच डेटा होता, तो वाचावा म्हणून कुणीतरी Security अ‍ॅपमधल्या डेटाच्या पानावर जाऊन त्या सिमच्या रकान्यातल्या बऱ्याच अ‍ॅपच्या खुणा एका बैठकीत काढल्या. तसं असेल तर बँकेचं अ‍ॅप एकटं नसणार. त्या यादीत दुसऱ्या सिमचा रकाना वरून खालपर्यंत बघून घ्या, आणखी दोनचार रिकामे चौकोन सापडतील.

मध्यरात्र

माझं उलटं आहे. मेसेजिंगचं अ‍ॅप उघडलं की सगळे निरोप भराभर येतात, पण फोन खिशात असताना काहीच वाजत नाही. कधीकधी नुसतं "You may have new messages" एवढंच येतं. घरी वायफायवर लगेच येतात. रेडमी नाही, सॅमसंग आहे. वर सांगितलेली चौकट माझ्याकडे दिसत नाही.

तारायंत्र

हे मात्र डेटा सेव्हरचं किंवा त्याच्या सख्ख्या भावाचं काम. नवा निरोप आल्याचा इशारा फोनपर्यंत पोचतो, कारण तो गूगल प्ले सर्व्हिसेसमार्फत येतो आणि तिला डेटा सेव्हरमध्ये आधीच सूट असते. अ‍ॅप त्या इशाऱ्याने जागं होतं, निरोपाचा मजकूर आणायला जातं, आणि तिथे त्याला दार बंद मिळतं. म्हणून "कदाचित नवे निरोप असतील" एवढंच ते म्हणू शकतं. त्या ओळीचा अर्थच तो आहे.

App info मध्ये मोबाइल डेटाच्या पानावर दोन बटणं असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. पहिलं पाठीमागच्या डेटाचं, सॅमसंगवर "Allow background data usage". हे बंद असेल तर डेटा सेव्हर बंद असला तरी अ‍ॅपला पाठीमागे मोबाइल डेटा मिळत नाही. दुसरं "Allow data usage while Data saver is on", मूळ अँड्रॉइडवर त्यालाच "Unrestricted data usage" म्हणतात. हे फक्त डेटा सेव्हर चालू असतानाच कामाला येतं, एरवी ते चालू असलं काय आणि बंद असलं काय, फरक पडत नाही.

म्हणजे डेटा सेव्हर कायम चालू ठेवायचा असेल तर दोन्ही चालू हवीत. डेटा सेव्हर वापरतच नसाल तर फक्त पहिलं बघा. डेटा सेव्हर बंद केला तरी निरोप येत नाहीत अशी तक्रार असते तेव्हा बहुतेक वेळा पहिलं बटण बंद सापडतं.

मध्यरात्र

पहिलं बटण चालू होतं, दुसरं बंद आणि डेटा सेव्हर चालू. दुसरं चालू केलं. आता निरोप मजकुरासकट येतायत. बॅटरीचाही काही संबंध असतो ना?

तारायंत्र

असतो, पण तो ओळखायची खूण सोपी. बॅटरीची बचत अ‍ॅपला झोपवते, मग वायफाय असो की डेटा, निरोप उशिराच येतात. वायफायवर लगेच आणि डेटावर उशिरा, असा फरक दिसला की बॅटरी सोडा आणि डेटाची बटणं बघा. तुमचा फरक असाच होता.

गवतफुला

वायफायवर तपासा म्हणता, पण आमच्याकडे बहिणीच्या फोनवरच्या अशाच अ‍ॅपला मी माझ्या फोनचा हॉटस्पॉट देऊन पाहिला. तोही वायफायच. तिथेही निरोप येत नव्हते. म्हणजे अ‍ॅपच बिघडलेलं, असं धरून ते काढून टाकलं.

अडकित्ता

गवतफुला, तिथे फसवणूक झाली. दुसऱ्या अँड्रॉइड फोनचा हॉटस्पॉट वायफाय असला तरी फोन त्याला मोजून मिळणारं नेट समजतो, मोबाइल डेटासारखंच. त्यामुळे डेटा सेव्हर तिथेही आडवा येतो. त्या वायफायच्या तपशिलात "Metered" अशी ओळ असते, ती आपोआप ओळखण्यावर ठेवलेली असते. तिथे "Treat as unmetered" निवडलं तर डेटा सेव्हर त्या हॉटस्पॉटवर बाजूला होतो. तपासणी करायची तर घरच्या राउटरवर करा.

याचा उलटा फायदाही आहे. रेडमीतलं ते खुणेचं कुलूप वायफाय आणि सिम असा सरळ भेद करतं, मोजून की न मोजता हे बघत नाही. त्यामुळे हॉटस्पॉटवर अ‍ॅप चालू आणि स्वतःच्या सिमवर बंद, असं दिसलं तर कुलूप कंपनीचं. हॉटस्पॉटवरही पाठीमागचं काम अडलं आणि राउटरवर मात्र चालू, तर डेटा सेव्हर किंवा पाठीमागच्या डेटाचं बटण.

संगणकाला फोन जोडून USB debugging चालू करता येत असेल त्यांच्यासाठी, अंदाज न करता यादीच बघता येते. आधी अ‍ॅपचा क्रमांक काढा, मग तो क्रमांक बंदीच्या यादीत आहे का ते पाहा. खाली उदाहरणाला व्हॉट्सअ‍ॅप घेतलंय:

```
adb shell pm list packages -U com.whatsapp
adb shell cmd netpolicy get restrict-background
adb shell cmd netpolicy list restrict-background-blacklist
adb shell cmd netpolicy list restrict-background-whitelist
```

दुसरी ओळ डेटा सेव्हर खरोखर चालू की बंद ते सांगते, त्यामुळे "वर बंद दिसतो पण आत चालू असतो" ही शंका तिथेच फिटते. तिसऱ्या ओळीत ज्यांचं पाठीमागच्या डेटाचं बटण बंद आहे त्यांचे क्रमांक येतात, चौथीत डेटा सेव्हरमधून सूट मिळालेल्यांचे.

एकाच अ‍ॅपची दुसरी प्रत चालवणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की त्या प्रतीचा क्रमांक वेगळा असतो. एका व्हॉट्सअ‍ॅपला दिलेली सूट दुसऱ्याला आपोआप लागत नाही.

तारायंत्र

अडकित्तांच्या याद्यांना एक मर्यादा जोडतो. त्या मूळ अँड्रॉइडच्या याद्या आहेत. रेडमीतलं कुलूप किंवा रियलमी, ओप्पो, वनप्लसमध्ये App info च्या डेटावापराच्या पानावर असणारं "Disable mobile data" हे बटण त्यात दिसेलच असं नाही. यादी स्वच्छ निघाली म्हणजे फोन स्वच्छ, असं धरू नका. सॅमसंगच्या नव्या फोनमध्येही डेटावापराच्या पानावर "Allowed networks for apps" अशी वेगळी यादी आहे. त्यात त्या अ‍ॅपपुढे काय लिहिलंय तेही बघून घ्यावं.

गवतफुला

हॉटस्पॉटचं माहीत नव्हतं, बहिणीचा फोन पुन्हा बघते. पण मग एक सांगा, सेटिंग्जमध्ये अ‍ॅपच्या यादीत वर तीन टिंबं आहेत, तिथे "Reset app preferences" आहे. त्याने हे सगळं एका फटक्यात सुटत नाही का? त्यात डेटाही जात नाही.

तारायंत्र

अर्धं सुटतं. ते बटण दाबल्यावर येणारी सूचना नीट वाचा, त्यात पाठीमागच्या डेटावरचे निर्बंध काढले जातील असं स्पष्ट लिहिलेलं असतं. म्हणजे "Background data" बंद असणं हे कारण असेल तर उपाय बरोबर. पण तीच सूचना पुढे असंही सांगते की बंद करून ठेवलेली अ‍ॅप पुन्हा चालू होतील, नोटिफिकेशन बंद केलेली पुन्हा वाजू लागतील, नेहमीचा ब्राउझर वगैरे ठरवलेल्या निवडी पुसल्या जातील. वडिलधाऱ्यांच्या फोनवर कुणी मेहनतीने गप्प केलेली वीस अ‍ॅप एकदम बोलू लागतात. अ‍ॅपमधली माहिती जात नाही, हे तुमचं बरोबर.

आणि कंपनीच्या स्वतःच्या कुलपाला ते हात लावेल याचा भरवसा धरू नये. पायवाट यांच्या प्रकरणात ते दाबून चौकोन रिकामाच राहिला असता तर सगळ्यांनी बँकेला दोष दिला असता. एका अ‍ॅपचं दुखणं असेल तर त्या एका अ‍ॅपच्या पानावरच हात घालावा.

शेंदरी

यात फोटोंच्या बॅकअपचं धरलेलं दिसत नाही. माझे फोटो डेटावर चढत नाहीत, सगळी बटणं चालू आहेत.

अडकित्ता

शेंदरी, ते फोनच्या सेटिंगमध्ये शोधू नका, अ‍ॅपच्या आत शोधा. गूगल फोटोजमध्ये बॅकअपच्या पानावर मोबाइल डेटा वापरायचा का याची वेगळी निवड आहे, ड्राइव्हमध्ये "फक्त वायफायवर" असं बटण आहे, प्ले स्टोअरमध्येही डाउनलोड कशावर करायचं ते ठरवता येतं. तिथे अ‍ॅप स्वतःच वायफायची वाट बघत बसतं आणि बहुतेक वेळा तसं लिहूनही दाखवतं. अडवलेलं अ‍ॅप "जोडणी नाही" म्हणतं, थांबलेलं अ‍ॅप "वायफायची वाट पाहतोय" म्हणतं. निरोपाचे शब्द वाचले तरी निम्मं काम होतं.

कातळशिल्प

वरचं सगळं करून झालेलं प्रकरण मांडतो. मोटोचा फोन, जवळपास मूळ अँड्रॉइड, म्हणजे समोरच्या अ‍ॅपला अडवणारं कुलूपच त्यात नाही. एक अ‍ॅप समोर उघडलेलं असतानाही एका सिमच्या डेटावर जोडणी घेत नाही. त्याच फोनमधल्या दुसऱ्या सिमवर डेटा घेतला की चालतं. डेटा सेव्हर बंद, पाठीमागचा डेटा चालू, दोन्ही याद्यांत त्याचा क्रमांक नाही.

तारायंत्र

मग परवानगीच्या बाजूने तुम्ही सगळं संपवलंय. तीन गोष्टी राहतात. वर पट्टीत किल्लीचं चिन्ह दिसतं का बघा. नेटगार्डसारखी अ‍ॅप व्हीपीएनच्या मार्गाने एकेका अ‍ॅपचा डेटा वायफाय आणि मोबाइलसाठी वेगवेगळा अडवतात, आणि ते अँड्रॉइडच्या यादीत येत नाही. नसेल तर तेच सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून तेच अ‍ॅप उघडा. तिथेही अडलं तर तुमच्या फोनची सेटिंग निर्दोष, अडथळा सिम आणि अ‍ॅपचा सर्व्हर यांच्यामध्ये कुठेतरी. आणि शेवटचं, त्या सिमच्या APN मध्ये "APN protocol" ची ओळ "IPv4/IPv6" असेल तर थोडा वेळ "IPv4" करून बघा. काही अ‍ॅपचे सर्व्हर IPv6 वर नीट बोलत नाहीत आणि मग एका कंपनीच्या सिमवर तेवढंच अ‍ॅप अडतं. बदलायच्या आधी मूळ नोंदीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

कातळशिल्प

किल्लीचं चिन्ह नाही. सिम दुसऱ्या फोनमध्ये घातलं, तिथेही अडतं. APN मध्ये IPv4 केल्यावर थोडं पुढे सरकलं: आता लॉगिनचं पान येतं, ओटीपीही येतो, पण तो टाकल्यावर चाक फिरत राहतं आणि साधारण अर्ध्या मिनिटाने पुन्हा जोडणीचा निरोप. IPv4/IPv6 वर परत नेलं की पहिल्यासारखं, लॉगिनचं पानही येत नाही.

अडकित्ता

अर्धं पुढे सरकलं म्हणजे दिशा बरोबर असावी, पण IPv6 हे एकच कारण असतं तर ओटीपीनंतर अडायला नको होतं. Private DNS बंद करून एकदा बघा. आणि त्या सिमचा हॉटस्पॉट करून लॅपटॉपवर त्याच सेवेची वेबसाइट लॉगिनपर्यंत जाते का, तेही. ओटीपी टाकल्याची नेमकी वेळ लिहून ठेवा, सिमच्या कंपनीकडे आणि अ‍ॅपवाल्यांकडे तक्रार करताना ती लागेल.

कातळशिल्प

Private DNS आधीपासून बंदच आहे. लॅपटॉपचं उद्या बघून इथेच लिहितो.